C6H12O2: एक रेणुसूत्र, चार उत्तरं

बारावीच्या चाचणीत क्रियात्मक गट, ईस्टरीभवन आणि अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण हे तीन विषय सहसा एकाच प्रश्नात गुंफून येतात. म्हणून ते वेगवेगळे पाठ करण्याऐवजी आपण एकच प्रश्न घेऊ आणि तो शेवटपर्यंत सोडवू. मग त्याच प्रश्नातली एकेक ओळ बदलून उत्तर कसं बदलतं ते पाहू.

प्रश्न असा आहे. पदार्थ ‘क’चं रेणुसूत्र C6H12O2 असून त्याला फळांसारखा वास येतो. सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात तो फसफसत नाही. सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाबरोबर उकळून नंतर मिश्रण आम्लयुक्त केलं, की ‘ख’ हे आम्ल आणि ‘ग’ हे अल्कोहोल मिळतं. ‘ग’ आम्लयुक्त पोटॅशिअम डायक्रोमेटबरोबर तापवलं, तर पुन्हा ‘ख’च मिळतं. क, ख आणि ग ओळखा.

पायरी १: रेणुसूत्राकडून क्रियात्मक गटाकडे

आधी रेणुसूत्रात हायड्रोजन किती कमी आहेत ते मोजायचं. सहा कार्बनच्या संपृक्त साखळीत २ × ६ + २ म्हणजे १४ हायड्रोजन असतात. इथे १२ आहेत. दोन हायड्रोजन कमी, म्हणजे रेणूत एक दुहेरी बंध किंवा एक वलय आहे. ऑक्सिजन कितीही असले तरी या हिशेबात ते धरायचे नाहीत.

दोन ऑक्सिजन आणि एक दुहेरी बंध दिसला, की बहुतेक मुलं लगेच ‘कार्बोक्झिलिक आम्ल किंवा ईस्टर’ असं लिहून मोकळी होतात. उत्तर बहुतेक वेळा तेच निघतं, पण कारण अपुरं राहतं. C6H12O2 हे हेक्झॅनॉइक आम्लाचं सूत्र आहे, प्रोपिल प्रोपॅनोएटचं आहे आणि 4-हायड्रॉक्सी-4-मेथिलपेंटॅन-2-ओनचंही आहे. हा तिसरा पदार्थ म्हणजे ॲसिटोनच्या दोन रेणूंच्या अल्डॉल अभिक्रियेतून मिळणारं हायड्रॉक्सी कीटोन. त्यात एक –OH आणि एक कीटोन गट असे दोन क्रियात्मक गट आहेत, आणि मिळून दोनच ऑक्सिजन.

या तिघांना वेगळं करायला परीक्षानळीतल्या दोन चाचण्या पुरतात. बायकार्बोनेटमध्ये फसफस झाली नाही, म्हणजे –COOH नाही, म्हणून हेक्झॅनॉइक आम्ल बाद. 2,4-डायनायट्रोफिनाइल हायड्रॅझिन घातल्यावर पिवळा-नारिंगी अवक्षेप आला असता, तर अल्डिहाइड किंवा कीटोन आहे असं म्हटलं असतं. ईस्टरमध्येही C=O असतो, पण ईस्टर ही चाचणी देत नाही. शेजारच्या ऑक्सिजनवरची इलेक्ट्रॉनांची जोडी त्या C=O कडे सरकलेली असते, त्यामुळे तो कार्बन कीटोनच्या कार्बनइतका इलेक्ट्रॉनांना आसुसलेला नसतो. ‘C=O दिसला की 2,4-डीएनपी’ हे समीकरण डोक्यातून काढून टाका. ही चाचणी अल्डिहाइड आणि कीटोनची आहे. आम्ल, ईस्टर आणि अमाइड ती देत नाहीत.

आपल्या प्रश्नात ही चाचणी दिलेली नाही, पण पुढची ओळ तिची जागा घेते: अल्कलीबरोबर उकळल्यावर एका रेणूचे आम्ल आणि अल्कोहोल असे दोन तुकडे झाले. म्हणजे ‘क’ ईस्टर आहे.

पायरी २: ईस्टर तोडा आणि कार्बन वाटून घ्या

सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर ईस्टरचं जलविघटन झालं की आम्ल मोकळं मिळत नाही, त्याचा सोडियम क्षार मिळतो:

RCOOR' + NaOH → RCOONa + R'OH

प्रयोगशाळेत या टप्प्यावर मिश्रणाचं ऊर्ध्वपातन करतात. अल्कोहोल बाष्प होऊन पाण्याबरोबर बाहेर येतं आणि क्षार फ्लास्कमध्येच राहतो. नंतर फ्लास्कमध्ये विरल सल्फ्युरिक आम्ल घातलं, की RCOOH मोकळं होतं. प्रश्नातला ‘नंतर मिश्रण आम्लयुक्त केलं’ हा शब्दप्रयोग याच टप्प्याचा आहे. उत्तरात NaOH वापरून थेट RCOOH लिहिलं तर समीकरण चुकीचं ठरतं. दोन समीकरणं लिहा, एक क्षाराचं आणि दुसरं आम्लाचं.

आता कार्बनची वाटणी. सहा कार्बन ‘ख’ आणि ‘ग’मध्ये विभागले जाणार. ‘ग’चं ऑक्सिडीकरण होऊन ‘ख’ मिळतं आणि त्यात कार्बनची संख्या बदलत नाही. म्हणून दोघांतही तीन-तीन कार्बन. तीन कार्बनचं आम्ल एकच आहे, प्रोपॅनॉइक आम्ल. तीन कार्बनची अल्कोहोलं मात्र दोन आहेत, प्रोपॅन-1-ऑल आणि प्रोपॅन-2-ऑल. यांतलं कोणतं, हे ठरवायला ऑक्सिडीकरणाची नेमकी समज लागते, आणि या प्रश्नाचा खरा गाभा तोच आहे.

पायरी ३: –OH ज्या कार्बनवर आहे, त्याच्यावरचे हायड्रोजन मोजा

अल्कोहोलच्या ऑक्सिडीकरणात दोन हायड्रोजन निघून जातात. एक –OH मधला, आणि दुसरा ज्या कार्बनला –OH जोडलेला आहे त्याच कार्बनवरचा. शेजारच्या कार्बनवर कितीही हायड्रोजन असले तरी या हिशेबात त्यांचा उपयोग नाही. हे दोन गेले, की तिथे C=O तयार होतो.

म्हणून ऑक्सिडीकरणाचा प्रश्न आला की आधी तो एक कार्बन शोधायचा आणि त्याच्यावरचे हायड्रोजन मोजायचे. प्रोपॅन-1-ऑल, म्हणजे CH3CH2CH2OH, यात त्या कार्बनवर दोन हायड्रोजन आहेत. एक गेला की अल्डिहाइड, CH3CH2CHO. त्या कार्बनवर अजून एक हायड्रोजन शिल्लक आहे, म्हणून ऑक्सिडीकरण पुढे जाऊ शकतं आणि CH3CH2COOH मिळतं. प्रोपॅन-2-ऑल, म्हणजे CH3CH(OH)CH3, यात तिथे एकच हायड्रोजन आहे. तो गेला की CH3COCH3, म्हणजे प्रोपॅनोन. आता त्या कार्बनवर हायड्रोजन उरला नाही, म्हणून अभिक्रिया कीटोनपाशी थांबते. 2-मेथिलप्रोपॅन-2-ऑल, (CH3)3COH, यात तिथे मुळात एकही हायड्रोजन नाही. डायक्रोमेटचा नारिंगी रंग तसाच राहतो.

याच नियमातून एक अपवादासारखी भासणारी गोष्टही सुटते. मेथॅनॉइक आम्ल हे आम्ल असूनही टॉलेन्स चाचणी देतं. HCOOH लिहून पाहा: –COOH च्या कार्बनवर अजून एक हायड्रोजन आहे. त्यामुळे त्याचं पुढे ऑक्सिडीकरण होऊन कार्बन डायऑक्साइड मिळतो. इथॅनॉइक आम्लात त्या जागी –CH3 आहे, म्हणून ते टॉलेन्स देत नाही.

आता अल्डिहाइडवर थांबायचं असेल तर? हा प्रश्न ‘योग्य अभिकर्मक सुचवा’ अशा रूपात नेहमी येतो. जलीय डायक्रोमेटमध्ये अल्डिहाइड का टिकत नाही, याचं कारण पाण्यात आहे. पाण्याचा रेणू अल्डिहाइडच्या C=O वर जोडला जातो आणि RCH(OH)2 असा पदार्थ तयार होतो. आता त्या कार्बनवर –OH आहे आणि हायड्रोजनही आहे, म्हणजे अल्कोहोलसारखीच स्थिती. ऑक्सिडकाला तो हायड्रोजन काढून घेणं सोपं जातं आणि आम्ल मिळतं. पाणीच नसेल तर ही वाट बंद होते. म्हणून पिरिडिनिअम क्लोरोक्रोमेट, ज्याला आपण सगळे पीसीसी म्हणतो, ते निर्जल डायक्लोरोमिथेनमध्ये वापरतात आणि अभिक्रिया अल्डिहाइडवर थांबते. कोरी आणि सग्ज यांनी १९७५ साली ही पद्धत मांडली. ‘पीसीसी सौम्य आहे’ एवढंच लिहिण्यापेक्षा ‘निर्जल द्रावकात वापरतात, त्यामुळे अल्डिहाइडचं हायड्रेट बनत नाही’ असं लिहिलं तर उत्तर भक्कम होतं.

पीसीसी नसतानाही एक जुनी युक्ती चालते. प्रोपॅन-1-ऑलचा उत्कलनबिंदू सुमारे ९७ °से, तर प्रोपॅनलचा सुमारे ४९ °से. अल्डिहाइडमध्ये –OH नसल्याने रेणूंमध्ये हायड्रोजन बंध होत नाहीत, त्यामुळे ते लवकर उकळतं. तापलेल्या अल्कोहोलमध्ये डायक्रोमेट थोडं थोडं घालत राहिलं आणि तयार होणारं अल्डिहाइड लगेच ऊर्ध्वपातनाने बाहेर काढलं, तर त्याला आम्ल व्हायला सवडच मिळत नाही. उलट, आम्ल हवं असेल तर ऑक्सिडक जास्त घेऊन, उभ्या कंडेन्सरखाली मिश्रण उकळत ठेवायचं. बाष्प वर जाऊन थंड होतं, पुन्हा फ्लास्कमध्ये पडतं आणि ऑक्सिडीकरण पूर्ण होतं.

आपल्या प्रश्नात ‘ग’पासून आम्ल मिळालं आहे, कीटोन नाही. म्हणून ‘ग’ प्रोपॅन-1-ऑल, ‘ख’ प्रोपॅनॉइक आम्ल आणि ‘क’ प्रोपिल प्रोपॅनोएट, CH3CH2COOCH2CH2CH3.

पायरी तीनचं संतुलित समीकरण मागितलं तर असं:

3CH3CH2CH2OH + 2Cr2O7^2– + 16H+ → 3CH3CH2COOH + 4Cr^3+ + 11H2O

ते पाठ करू नका, जुळवून काढा. अल्कोहोलपासून आम्ल होताना प्रत्येक रेणू चार इलेक्ट्रॉन देतो, आणि प्रत्येक डायक्रोमेट सहा इलेक्ट्रॉन घेतो. चार आणि सहाचा लसावि बारा, म्हणून अल्कोहोलचे तीन रेणू आणि डायक्रोमेटचे दोन. अल्डिहाइडवर किंवा कीटोनवर थांबलं तर अल्कोहोलचा रेणू दोनच इलेक्ट्रॉन देतो. मग तीनास एक असं प्रमाण येतं आणि समीकरणात 8H+ आणि 7H2O येतात. शेवटी दोन्ही बाजूंचा विद्युतभार मोजून पाहा. वरच्या समीकरणात दोन्हीकडे +१२ आहे. समीकरण मागितलेलं नसेल, तर बाणावर K2Cr2O7, विरल H2SO4 आणि ‘उष्णता’ एवढं लिहिलं तरी चालतं. नुसतं [O] लिहिणं मात्र टाळा. कोणता ऑक्सिडक आणि कोणत्या परिस्थितीत, यावरच तर उत्पादित ठरतं.

प्रात्यक्षिकात ही चाचणी करताना एक खबरदारी घ्यावी लागते. डायक्रोमेट एक-दोन थेंबच घ्या. ते जास्त झालं तर न वापरलेल्या डायक्रोमेटचा नारिंगी रंग Cr^3+ च्या हिरव्या रंगात मिसळतो आणि नळीत मळकट तपकिरी काहीतरी दिसतं. ते पाहून ‘बदल नाही’ अशी नोंद होते. आणि हिरवा रंग आला म्हणजे अल्कोहोलच आहे, असंही नाही. अल्डिहाइडही हिरवा रंग देतं. तसंच ईस्टर न तोडता थेट आम्लयुक्त डायक्रोमेटबरोबर बराच वेळ उकळलं, तर आम्लामुळे त्याचं थोडं जलविघटन होऊन सुटलेलं अल्कोहोल हिरवा रंग देऊ शकतं. म्हणूनच प्रश्नात आधी ‘ग’ वेगळं केलं आणि मग ऑक्सिडीकरण केलं आहे.

आता एक ओळ बदलू

समजा सगळं तसंच ठेवलं, पण शेवटची ओळ अशी लिहिली: ‘ग’च्या ऑक्सिडीकरणाने मिळणारा पदार्थ 2,4-डीएनपीबरोबर नारिंगी अवक्षेप देतो, टॉलेन्स अभिकर्मकावर परिणाम करत नाही, आणि ‘ख’मध्ये तीन कार्बन आहेत. टॉलेन्स नाही म्हणजे अल्डिहाइड नाही, म्हणून कीटोन, म्हणून ‘ग’ द्वितीयक अल्कोहोल. तीन कार्बनचं द्वितीयक अल्कोहोल एकच, प्रोपॅन-2-ऑल. मग ‘क’ 1-मेथिलएथिल प्रोपॅनोएट, म्हणजेच आयसोप्रोपिल प्रोपॅनोएट.

दुसरा बदल: ‘ग’ आम्लयुक्त डायक्रोमेटचा रंग बदलत नाही आणि ल्युकास अभिकर्मक घातल्याबरोबर नळी गढूळ होते. दोन्ही खुणा तृतीयक अल्कोहोलच्या. ल्युकास अभिकर्मक म्हणजे संहत HCl आणि निर्जल ZnCl2. तृतीयक अल्कोहोलने नळी लगेच गढुळते, द्वितीयकला साधारण पाच मिनिटं लागतात, आणि प्राथमिक अल्कोहोल खोलीच्या तापमानाला स्वच्छच राहतं. तृतीयक अल्कोहोलला किमान चार कार्बन लागतात. सहातून चार गेले, दोन उरले, म्हणून ‘ख’ इथॅनॉइक आम्ल आणि ‘क’ तृतीयक-ब्युटिल इथॅनोएट, CH3COOC(CH3)3. ‘ख’मध्ये एकच कार्बन धरून मेथॅनोएट का नाही? कारण मग ‘ग’ पाच कार्बनचं तृतीयक अल्कोहोल होईल आणि ‘ख’ टॉलेन्स चाचणी देईल. ती शक्यता बाद करणारी ओळ प्रश्नात असावी लागते. नसेल तर दोन्ही उत्तरं लिहून कारण द्या.

तिसरा बदल मला जास्त आवडतो, कारण त्यात सापळा आहे. ‘ग’ सोडियम हायड्रॉक्साइड आणि आयोडीनबरोबर पिवळा अवक्षेप देतं, आणि त्याच्या ऑक्सिडीकरणाने आम्ल मिळतं, पण ते आम्ल ‘ख’ नाही. पिवळा अवक्षेप आयोडोफॉर्मचा. तो CH3CO– गट असलेले अल्डिहाइड-कीटोन देतात आणि CH3CH(OH)– असलेली अल्कोहोलं देतात. हे वाचून बरेच जण ‘द्वितीयक अल्कोहोल’ असं लिहितात. पण द्वितीयक अल्कोहोलपासून डायक्रोमेटने कीटोन मिळतं, आम्ल नाही. CH3CH(OH)– च्या मोकळ्या हाताला साखळीऐवजी नुसता हायड्रोजन जोडा, की इथेनॉल होतं. आयोडोफॉर्म चाचणी देणारं प्राथमिक अल्कोहोल हे एकच. मग ‘ख’ चार कार्बनचं आम्ल, आणि ‘क’ एथिल ब्युटॅनोएट किंवा एथिल 2-मेथिलप्रोपॅनोएट. या दोघांत निवड करायला आणखी खूण लागेल. काही प्रश्नांत ‘सोडा लाइमबरोबर तापवल्यावर प्रोपेन मिळतो’ असं लिहिलेलं असतं, पण त्याने काही ठरत नाही. दोन्ही आम्लांचे सोडियम क्षार प्रोपेनच देतात. ‘सरळ साखळीचं आम्ल’ असा शब्द असेल तरच ब्युटॅनोएट ठामपणे लिहा.

तांब्यावरून अल्कोहोलची बाष्पं नेण्याचा प्रश्नही याच कुटुंबातला आहे. ५७३ K ला तापलेल्या तांब्यावर प्राथमिक अल्कोहोल अल्डिहाइड देतं, द्वितीयक कीटोन देतं, आणि तृतीयकाला काढून द्यायला त्या कार्बनवर हायड्रोजन नसल्याने त्यातून पाणी निघून अल्कीन मिळतं. इथे प्राथमिक अल्कोहोल आम्लापर्यंत जात नाही, कारण ऑक्सिजन पुरवणारं कुणी नाही. फक्त हायड्रोजन निघतो. (CH3)3COH पासून 2-मेथिलप्रोपीन मिळतं, हे उदाहरण पक्कं ठेवा.

उलट वाट: ‘क’ तयार कसं करायचं

प्रश्नाच्या शेवटी ‘ख आणि ग यांपासून क पुन्हा कसं मिळवाल’ असा एक गुणाचा तुकडा जोडलेला असतो:

CH3CH2COOH + CH3CH2CH2OH ⇌ CH3CH2COOCH2CH2CH3 + H2O

वर ‘संहत H2SO4, उष्णता’. इथे दोन गोष्टी सुटतात: उलट-सुलट बाण आणि पाण्याचा रेणू. नावातही गोंधळ होतो. आधी अल्कोहोलकडून आलेला अल्किल गट, मग आम्लाकडून आलेलं ‘-ओएट’. सूत्र लिहिताना मात्र आपण बहुधा आम्लाचा भाग आधी लिहितो. त्यामुळे CH3COOCH2CH2CH3 ला ‘एथिल प्रोपॅनोएट’ असं नाव देणारे पेपर दर वेळी सापडतात. C=O ज्या तुकड्यात आहे तो आम्लाचा. त्याच्या कार्बनमध्ये C=O चा कार्बनही मोजायचा. म्हणून ते प्रोपिल इथॅनोएट.

पाण्यातला ऑक्सिजन कुणाचा, हा प्रश्न ‘कारण द्या’मध्ये येतो. वरवर पाहता आम्लाचा H+ आणि अल्कोहोलचा OH– मिळून पाणी झालं असेल, असं वाटतं. आम्ल आणि आम्लारी यांच्या उदासिनीकरणाशी साधर्म्य दिसतं म्हणून. पण तसं नाही. १९३८ साली रॉबर्ट्स आणि युरी यांनी जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-१८ असलेलं मिथेनॉल घेऊन त्याची बेंझोइक आम्लाशी अभिक्रिया केली. जड ऑक्सिजन पाण्यात आला नाही, तो ईस्टरमध्ये राहिला. म्हणजे आम्लाचा C–OH बंध तुटतो आणि अल्कोहोलचा फक्त हायड्रोजन जातो. घडतं असं: H+ आधी आम्लाच्या C=O वरच्या ऑक्सिजनला चिकटतो, त्यामुळे तो कार्बन जास्त धनभारित होतो. त्यावर अल्कोहोलचा ऑक्सिजन आपल्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीने हल्ला करतो. मग एक प्रोटॉन इकडून तिकडे सरकतो, पाणी बाहेर पडतं, आणि शेवटी H+ परत सुटतो. शेवटी परत मिळाला म्हणूनच तो उत्प्रेरक.

संहत सल्फ्युरिक आम्लाची कामं दोन: H+ पुरवणं आणि तयार झालेलं पाणी शोषून घेणं. उत्प्रेरक म्हणून ते समतोल लवकर गाठून देतं, पण समतोल स्थिरांक बदलत नाही. पाणी काढून घेतल्याने समतोल ईस्टरकडे झुकतो. दोन्ही वाक्यं वेगळी लिहा.

समतोलाचा हिशेब इथेनॉल आणि इथॅनॉइक आम्लाच्या नेहमीच्या जोडीवर करू, कारण तिचा समतोल स्थिरांक सुमारे ४ हा पुस्तकी आकडा आहे. एक मोल आम्ल (६० ग्रॅम) आणि एक मोल अल्कोहोल (४६ ग्रॅम) घेतलं आणि x मोल ईस्टर झालं, तर

x² / (1 – x)² = 4

म्हणून x / (1 – x) = २ आणि x = २/३. म्हणजे कितीही वेळ उकळत ठेवलं तरी ८८ ग्रॅमऐवजी सुमारे ५८.७ ग्रॅमच एथिल इथॅनोएट मिळेल. आता इथेनॉल दोन मोल घ्या:

x² = 4(1 – x)(2 – x)

यातून 3x² – 12x + 8 = 0 आणि x ≈ ०.८५. चार मोल घेतलं तर x ≈ ०.९३. पहिल्या दुपटीने १८ टक्क्यांची भर पडली, दुसरीने जेमतेम ८ टक्क्यांची. म्हणून नुसतं अल्कोहोल ओतत राहण्यापेक्षा पाणी काढून टाकणं फायद्याचं ठरतं. वर्गसमीकरणाची दुसरी मुळं एकापेक्षा मोठी येतात. आम्ल एकच मोल असताना x एकापेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणून ती सोडून द्यायची.

प्रात्यक्षिकात परीक्षानळीत साधारण २ मिलि इथेनॉल आणि तितकंच ग्लेशियल इथॅनॉइक आम्ल घेऊन संहत सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब हळूहळू घालतात आणि नळी गरम पाण्याच्या बीकरमध्ये पाचेक मिनिटं ठेवतात. थेट ज्योतीवर धरायची नाही. इथेनॉल आणि ईस्टर दोन्ही ७७-७८ °से ला उकळतात आणि दोन्ही पेट घेतात. सल्फ्युरिक आम्ल जास्त घालून फार तापवलं तर वेगळीच अभिक्रिया सुरू होते: ४१३ K ला ईथर, ४४३ K ला इथीन. नळीतलं मिश्रण शेवटी सोडियम कार्बोनेटच्या विरल द्रावणात ओततात. उरलेल्या आम्लाचा झणझणीत व्हिनेगरी वास क्षार होऊन जातो आणि इथेनॉल पाण्यात विरघळतं. मग वर तरंगणाऱ्या थरातला ईस्टरचा वास स्पष्ट येतो. नळीच्या तोंडाशी नाक नेऊन वास घेतला आणि ‘व्हिनेगरचाच वास येतो’ असं लिहिलं, तर बहुधा हीच पायरी गाळलेली असते. कार्बोनेटऐवजी सोडियम हायड्रॉक्साइड वापरायचं नाही, ते ईस्टरच तोडायला लागतं.

ही पद्धत कुठे चालत नाही, तेही माहीत हवं. ईस्टरीभवनाचा वेग प्राथमिक अल्कोहोलकडून तृतीयकाकडे कमी होत जातो. C=O च्या कार्बनपाशी जाताना तीन अल्किल गटांची गर्दी आडवी येते. आम्लाच्या बाजूलाही तसंच: HCOOH सर्वांत वेगवान, त्यानंतर CH3COOH, आणि (CH3)3CCOOH सर्वांत मंद. शिवाय तृतीयक अल्कोहोल संहत सल्फ्युरिक आम्लात ईस्टर होण्याऐवजी पाणी टाकून अल्कीनच होऊन बसतं. म्हणून आपल्या दुसऱ्या बदलातलं तृतीयक-ब्युटिल इथॅनोएट ‘ख’ आणि ‘ग’पासून बनवा असं विचारलं, तर संहत H2SO4 लिहू नका. आम्लाचं आधी SOCl2 ने आम्ल क्लोराइड करा आणि मग ते पिरिडिनच्या उपस्थितीत अल्कोहोलला द्या:

CH3COCl + (CH3)3COH → CH3COOC(CH3)3 + HCl

इथे एकेरी बाण येतो, कारण सुटलेलं HCl पिरिडिन पकडून ठेवतं आणि अभिक्रिया मागे फिरत नाही. फिनॉलचं ईस्टर करतानाही हाच मार्ग, किंवा ॲसिटिक ॲनहायड्राइड. सॅलिसिलिक आम्लापासून ॲस्पिरिन बनवताना ॲनहायड्राइडच वापरतात, आणि तिथे ईस्टर होतो तो फिनॉलच्या –OH चा. सॅलिसिलिक आम्लाचा –COOH तसाच राहतो, म्हणून ॲस्पिरिन बायकार्बोनेटमध्ये फसफसतं.